प्लेलिस्ट सेव्ह झाली, आता तिचे आठवडे पाडूया: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: एमआयटीची 18.06, म्हणजे गिल्बर्ट स्ट्रँग सरांची लिनियर अल्जेब्राची प्लेलिस्ट सुरू केली. रोज एक लेक्चर असं ठरवलं होतं, पण नवव्या-दहाव्या लेक्चरला गाडी अडली. नोकरी सांभाळून आठवड्याला सात-आठ तास मिळतात. कसं बसवू?

रोज एक हेच मुळात झेपणारं नाहीये, आणि त्यात तुमचा दोष नाही. खुद्द एमआयटीत या विषयाला आठवड्याचे 12 तास धरलेत, त्यातले 4 वर्गात आणि 8 घरी गणितं सोडवायला, म्हणजे वर्गाच्या दुप्पट वेळ घरचा. आपण प्लेलिस्ट बघतो तेव्हा फक्त ते वर्गातले तासच बघत असतो, घरचे आठ तास यूट्यूबवर दिसतच नाहीत म्हणून वेळापत्रकातही येत नाहीत. सुरुवातीची लेक्चरं बारावीच्या मॅट्रिक्सवर निघून जातात आणि मग सहाव्यापासून कॉलम स्पेस, नलस्पेस, बेसिस, डायमेन्शन असं एकावर एक चढत जातं, तिथे न सोडवलेल्या गणितांचं सगळं देणं एकदम अंगावर येतं. नवव्या लेक्चरला अडकणारे तुम्ही एकटे नाही.

आता तास मोजू. लेक्चर साधारण पाऊण तासाचं आहे, पण थांबवत, लिहून घेत बघितलं की सव्वा ते दीड तास जातोच. म्हणून आठवड्याला दोनच लेक्चरं, त्यांचे तीन तास, गणितांना तीन, आणि रविवारी एक तास चाचणीचा. सात झाले, आठवा तास मोकळाच ठेवा, तो कशात तरी जातोच.

गणितं कुठून, तर ओपनकोर्सवेअरवर याच कोर्सची 18.06SC नावाची आवृत्ती आहे, खास घरी शिकणाऱ्यांसाठी केलेली आणि फुकट. प्रत्येक लेक्चरमागे थोडक्यात नोट्स, उत्तरांसकट गणितं, आणि असिस्टंट एक गणित फळ्यावर सोडवून दाखवतात तो छोटा व्हिडिओ. त्यात ते गणित सांगून म्हणतात की आता व्हिडिओ थांबवा आणि स्वतः करून बघा, तर तिथे खरंच थांबवा हो, बहुतेक जण थांबवत नाहीत.

आठवडे पाडताना पहिल्या लेक्चरपासून मोजत जाऊ नका. आधी यादीत क्विझ रिव्ह्यू कुठे आहेत ते शोधा: 13वं लेक्चर, 24b आणि 32वं. लोक हे तीन व्हिडिओ "उजळणी आहे" म्हणून सोडून देतात, पण कोर्सचे सांधे तिथेच आहेत आणि तुमच्या मोठ्या चाचण्याही तिथेच बसतात. मग असं होतं:

आठवडा 1 ते 6: लेक्चर 1 ते 12
आठवडा 7: लेक्चर 13 आणि पहिला पेपर
आठवडा 8 ते 13: लेक्चर 14 ते 24
आठवडा 14: 24b आणि दुसरा पेपर
आठवडा 15 ते 18: लेक्चर 25 ते 31
आठवडा 19: लेक्चर 32 आणि तिसरा पेपर
आठवडा 20: लेक्चर 33, 34 आणि फायनल

वीस आठवडे, म्हणजे जवळजवळ पाच महिने. जास्त वाटतात, पण सात तासांत यापेक्षा लवकर होईल असं कुणी सांगितलं तर तो गणितं न सोडवता सांगतोय असं समजा. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात दोन-दोनच्या हिशोबात प्रत्येकी एका लेक्चरची जागा रिकामी उरते, ती मागे पडलेल्या कामासाठी. पहिल्या भागात अशी जागा नाही आणि नेमकं तिथेच तुम्ही अडकलाय, म्हणून माझं मत असं की 9 आणि 10 ला एकेक अख्खा आठवडा द्या आणि 11, 12 पुढच्या रिकाम्या जागांसाठी ठेवा. ते दोन्ही बरेचसे उपयोग आणि उदाहरणांचे आहेत, ग्राफ आणि नेटवर्क वगैरे. पहिल्या पेपरात त्यावरचा प्रश्न आला तर तेवढा सोडून द्या. पण दहावं, चार सबस्पेसचं, कच्चं ठेवून पुढे जाऊ नका, प्रोजेक्शन आणि लीस्ट स्क्वेअर्स सगळं त्याच्यावर उभं आहे.

प्रश्न: लेक्चर बघताना सगळं कळतं, मान डोलते. गणित समोर आलं की पेनच उचलत नाही. रविवारची चाचणी अशी कशी घेऊ की स्वतःलाच फसवता येणार नाही?

मान डोलते कारण पुढची पायरी सर टाकतात, तुम्ही फक्त ती बरोबर आहे हे ओळखता, आणि ओळखणं नि स्वतः काढणं यात फार फरक आहे. तेव्हा चाचणीत तुमची पुढची पायरी दुसऱ्या कुणी टाकलेली चालणार नाही, एवढं एकच बंधन पाळायचं.

चौथ्या आठवड्याचं, म्हणजे लेक्चर 7 आणि 8 चं उदाहरण घेऊ. सरांनी तिथे ही मॅट्रिक्स घेतलीय, तीन ओळी चार कॉलम:

```
1  2  2   2
2  4  6   8
3  6  8  10
```

रविवारी व्हिडिओ बंद, वही बंद, कोरा कागद. पहिलं काम, हीच मॅट्रिक्स लिहून एलिमिनेशन करायचं आणि पिव्हट कॉलम सांगायचे (पहिला आणि तिसरा), मग दुसरा आणि चौथा हे मोकळे, त्यावरून दोन स्पेशल सोल्युशन (-2, 1, 0, 0) आणि (2, 0, -2, 1). हे झालं म्हणजे पायऱ्या लक्षात राहिल्या, एवढंच. समजलं का ते अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या कामात ते कळतं. शेवटचा 10 खोडून 11 करा, आणि हिशोब करायच्या आधी कागदावर लिहून टाका की काय काय बदलेल: रँक किती होईल, स्पेशल सोल्युशन किती उरतील, आणि b काहीही दिला तरी Ax = b सुटेल का. मूळ मॅट्रिक्समध्ये तिसरी ओळ ही पहिल्या दोन ओळींची बेरीज होती, म्हणून b चा तिसरा आकडाही पहिल्या दोघांची बेरीज असला तरच उत्तर मिळायचं, (1, 5, 6) चालतो पण (1, 5, 7) चालत नाही. 11 केल्यावर ती बेरीज मोडते, रँक 2 चा 3 होतो, कुठलाही b चालतो, आणि नलस्पेसमध्ये एकटा (-2, 1, 0, 0) आणि त्याच्या पटी उरतात. ज्याला लेक्चर खरंच कळलंय तो हे हिशोबाआधी सांगतो, ज्याला फक्त पायऱ्या पाठ आहेत तो आधी सगळं एलिमिनेशन करतो आणि मग उत्तर वाचून दाखवतो.

पडताळायला पायथन असेल तर तीन ओळी पुरतात, पण अंदाज लिहून झाल्यावरच बरं का:

```
from sympy import Matrix
A = Matrix([[1,2,2,2],[2,4,6,8],[3,6,8,11]])
print(A.rank(), A.nullspace())
```

तिसरं काम, 18.06SC मधलं त्याच लेक्चरचं एक न बघितलेलं गणित, घड्याळ लावून वीस मिनिटं.

मग चुका तपासताना सगळ्या चुका एका मापाने मोजू नका. वजाबाकीत चुकलात, चिन्ह उलटं पडलं, तर तो हाताचा प्रश्न आहे, पुढच्या आठवड्यात दोन एलिमिनेशन जास्त करा आणि लेक्चर परत बघू नका. पण "सुरुवात कुठून करायची तेच सुचलं नाही" किंवा अंदाजच चुकला, तर लेक्चरमधला तेवढा दहा मिनिटांचा तुकडा बघा, मंगळवारी आकडे बदलून तेच गणित परत घ्या, आणि ते सुटल्याशिवाय पुढचं लेक्चर लावू नका. अख्खं लेक्चर पुन्हा बघणं टाळाच, दुसऱ्यांदा बघताना मान आणखी जोरात डोलते.

सातव्या, चौदाव्या, एकोणिसाव्या आठवड्यातले पेपर मात्र तासाभरात, सलग बसून. आधी रिव्ह्यूचं लेक्चर, मग किमान एक दिवस मध्ये जाऊ द्या आणि मग पेपर, लगेच दिलात तर ताज्या आठवणीचेच मार्क पडतात.

प्रश्न: मी जी प्लेलिस्ट करतेय तिला गणितंच नाहीत, नुसते 60 व्हिडिओ आहेत. सराव कशाचा करू?

आधी प्लेलिस्टच्या वर्णनात कोर्सच्या पानाची लिंक आहे का बघा, बऱ्याचदा गणितं तिथे पडलेली असतात आणि यूट्यूबवर फक्त व्हिडिओ येतात. एनपीटीईएलचा कोर्स असेल तर तुमचं निम्मं काम झालंय, कारण तो मुळातच 4, 8 किंवा 12 आठवड्यांचा पाडलेला असतो आणि दर आठवड्याची असाइनमेंट असते. फक्त त्या असाइनमेंट बहुतेक पर्यायांच्या असतात, चार पर्यायांतून एक ओळखता येतो, म्हणून त्या रविवारच्या चाचणीला ठीक पण आठवडाभराच्या सरावाला अपुऱ्या. पर्याय हाताने झाकून आधी उत्तर काढा, मग हात काढा.

काहीच नसेल तर दुसऱ्या कोर्सची गणितं उसनी घ्या, पण लेक्चर नंबर जुळवायला जाऊ नका, विषय जुळवा. प्रॉबॅबिलिटीची कुठलीही प्लेलिस्ट बघत असाल तरी हार्वर्डच्या स्टॅट 110 चा उत्तरांसकट सरावाचा संच वापरता येतो, तिथे कंडिशनल प्रॉबॅबिलिटीची गणितं तुमच्या तिसऱ्या आठवड्यात येतील की पाचव्या, त्याने फरक पडत नाही. चिन्हं मात्र आधी एकदा जुळवून घ्या, नाहीतर अर्धा तास चिन्हाशीच भांडण होतं.

आणि हे साठ व्हिडिओ दहा-दहा मिनिटांचे असतील तर व्हिडिओच्या आकड्यावर आठवडे पाडू नका, एका विषयाचे चार-पाच एकत्र करून त्यांचं एक लेक्चर धरा.

प्रश्न: सबमिशन आणि मग घरात लग्न, तीन आठवडे वही उघडली नाही. पहिल्यापासून सुरू करू का?

नको. पहिल्यापासून सुरू करणारे पहिली पाच लेक्चरं तोंडपाठ करतात आणि सहावं कधी बघत नाहीत. तुम्ही शेवटची पास झालेली रविवारची चाचणी आकडे बदलून परत द्या, तासाभराचं काम आहे. सुटली तर जिथे थांबला होतात तिथूनच पुढे, नाही सुटली तर एक चाचणी मागे जाऊन तीच परीक्षा, बहुतेकांचं एक-दोन पावलांतच सापडतं. बुडालेले तीन आठवडे भरून काढायला आठवड्याला चार लेक्चरं करायला जाऊ नका, कारण तास तेवढेच राहतात आणि कापली जातात ती गणितंच. शेवटची तारीख तीन आठवडे पुढे ढकला, इथे फी बुडत नाहीये. एनपीटीईएलच्या परीक्षेला नाव दिलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे असाइनमेंटच्या तारखा हलत नाहीत आणि त्यांना 25 मार्क असतात, तेव्हा आधी चालू आठवड्याची असाइनमेंट द्या आणि मागचं शनिवारी भरून काढा.

प्रश्न: दुपटीच्या स्पीडने बघितलं तर वेळ वाचेल ना?

लेक्चरमध्ये वीस-पंचवीस मिनिटं वाचतील, पण तुमच्या आठवड्याचा मोठा भाग गणितांचा आहे आणि त्याला स्पीडचं बटण नाही. स्ट्रँग सर फळ्यावर प्रश्न लिहून मध्येच थांबतात, वर्गाकडे बघतात, ती जागा तुम्ही उत्तर काढायची आहे आणि दुपटीत तीच उडते. रिव्ह्यूची लेक्चरं आणि जे आधीपासून येतं ते सव्वापट, दीडपट लावा, 6 ते 10 मात्र साध्या स्पीडने.