क्रिएटिनिन सारखेच, सल्ला मात्र वेगळा

“मी व्यायामशाळेत जातो आणि रोज भरपूर प्रथिने घेतो. रक्त तपासले तर क्रिएटिनिन 1.4 आले. वडिलांना मधुमेह आहे, अशक्तपणा जावा म्हणून माझीच प्रोटीन पावडर तेही घेतात, आणि त्यांचेही क्रिएटिनिन 1.4 च आहे. या प्रथिनांनी आम्हा दोघांच्या किडन्या खराब होत आहेत का?”

मूत्रपिंडविकारतज्ज्ञांच्या जोडीने आहार-समुपदेशन करताना ही शंका मला वारंवार ऐकावी लागते. पिता-पुत्रांच्या या जोडीच्या बाबतीत मात्र ती फार नेमक्या स्वरूपात समोर आली, कारण दोन्ही अहवालांवर आकडा तोच होता आणि दोघांना द्यायचा सल्ला जवळजवळ उलट ठरला. (ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील येथे बदलले आहेत.)

मुलगा 34 वर्षांचा, वजन 82 किलो, कित्येक वर्षे नियमित वजने उचलणारा. वडील 62 वर्षांचे, वजन 66 किलो, मधुमेह जुना आणि रक्तदाब थोडा चढा. क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होते आणि मूत्रपिंडांतून बाहेर पडते. त्यामुळे रक्तातील त्याची पातळी दोन गोष्टींवर ठरते : ते किती तयार होते आणि किती गाळले जाते. वय आणि लिंग लक्षात घेऊन प्रयोगशाळा त्यावरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज काढते. 1.4 या आकड्यावरून मुलाचा ईजीएफआर सुमारे 68 आणि वडिलांचा सुमारे 57 निघाला. या सूत्राला वय कळते, पण समोरच्या माणसाच्या दंडावर किती स्नायू आहेत हे त्याला दिसत नाही.

म्हणून मुलाच्या बाबतीत आधी आकड्याचीच चौकशी केली. तो क्रिएटिन नावाची पूरक पावडर घेत होता, तपासणीच्या आदल्या दिवशी त्याने जड व्यायाम केला होता आणि रात्री भरपूर शिजवलेले मांस खाल्ले होते. क्रिएटिनचेच शरीरात क्रिएटिनिन होते, शिजवलेल्या मांसातूनही ते थोडे मिळते आणि भरदार स्नायू ते अधिक तयार करतात. मूत्रपिंडे निरोगी असतानाही एवढ्याने आकडा वर सरकू शकतो. सहा आठवडे क्रिएटिन बंद ठेवून आणि तपासणीपूर्वी दोन दिवस जड व्यायाम व मांस टाळून पुन्हा रक्त दिले, तेव्हा क्रिएटिनिन 1.2 आले, म्हणजे ईजीएफआर सुमारे 81. सोबत सिस्टॅटिन सी ही तपासणीही केली होती. हे प्रथिन स्नायूंच्या वस्तुमानावर फारसे अवलंबून नसते, आणि त्यावरून काढलेला वेग 100 च्या वर निघाला. (थायरॉइडचे विकार, स्टेरॉइड औषधे आणि धूम्रपान यांनी सिस्टॅटिन सी सुद्धा बदलते, त्याच्याकडे यांपैकी काही नव्हते.) गाळण्यांना इजा झाली की लघवीत उतरणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाचे लघवीतील क्रिएटिनिनशी गुणोत्तर 8 होते. प्रति ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅमपर्यंतचे अल्ब्युमिन सर्वसाधारण मानले जाते. रक्तदाब ठीक होता. रक्तातील युरिया मात्र किंचित वाढलेला होता आणि त्याच्या मनात भीती घातली होती ती त्यानेच. प्रथिने जास्त खाल्ली की त्यांच्यातील नायट्रोजनाचा युरियाही जास्त होतो. हा खाण्याचा हिशेब आहे, इजेची खूण नव्हे.

एवढ्यावर प्रश्न मिटला असे समजणे मात्र सोपेपणाचे होईल, कारण प्रथिने मूत्रपिंडांवर परिणाम करतात हे खरेच आहे. प्रथिनयुक्त जेवणानंतर रक्तातील अमिनो आम्ले वाढतात, मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांकडे रक्त नेणाऱ्या धमनिका सैलावतात, गाळणीतील दाब चढतो आणि गाळण्याचा वेग वाढतो. 1982 मध्ये ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले की असा वाढलेला दाब वर्षानुवर्षे राहिला तर गाळण्या हळूहळू निकामी होतात. या मांडणीला बळ मिळाले ते प्रामुख्याने मूत्रपिंडाचा मोठा भाग काढून टाकलेल्या उंदरांवरील प्रयोगांतून. तेथे उरलेल्या थोड्या गाळण्यांवर आधीच अतिरिक्त भार होता आणि त्यात प्रथिनांची भर पडत होती. निरोगी माणसाची स्थिती तशी नसते. त्याच्याकडे गाळण्यांची शिल्लक असते आणि वेगातील वाढ तो पेलू शकतो.

माणसांवरील पुरावाही त्याच दिशेने जातो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणात निरोगी प्रौढांवरील 28 चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. त्यांत जास्त प्रथिनांचा आहार म्हणजे किलोमागे साधारण दीड ग्रॅम किंवा त्याहून अधिक, अथवा एकूण ऊर्जेच्या पाचव्या हिश्श्याइतकी प्रथिने. अशा आहाराने मूत्रपिंडांचे कार्य घटल्याचे आढळले नाही. या चाचण्यांची मर्यादा मी मुलाला मुद्दाम सांगितली : बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्या वा महिन्यांच्या होत्या आणि मूत्रपिंडांची झीज दशकांच्या मापाने चालते. त्यामुळे “निरोगी मूत्रपिंडांना जास्त प्रथिनांनी इजा झाल्याचे दिसलेले नाही” हे विधान मी ठामपणे करतो. “तीस वर्षे कितीही खा, काही होणार नाही” हे विधान मी करत नाही.

तो किलोमागे 1.8 ग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे 150 ग्रॅम प्रथिने घेत होता. मूत्रपिंडांसाठी ती कमी करण्याचे कारण मला दिसले नाही. तरी किलोमागे 1.6 ग्रॅमच्या आसपास स्नायूवाढीचा लाभ बहुतेकांत थांबतो, असे प्रशिक्षणावरील अभ्यास सुचवतात, आणि त्याच्या बाबतीत ते 130 ग्रॅमच्या जवळ येते. वरची पावडर फुकट जाते, असे माझे मत मी त्याला सांगितले आणि निर्णय त्याच्यावर सोपवला.

वडिलांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्यात 1.4 हा आकडा कमी स्नायूंच्या शरीरातून आला होता, म्हणजे ईजीएफआर 57 हा अंदाज फुगलेला असण्याचीच शक्यता अधिक. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लघवीतील अल्ब्युमिनचे गुणोत्तर 240 होते. तीन महिन्यांहून अधिक अंतराने दोन्ही तपासण्या पुन्हा केल्या तेव्हा चित्र तेच राहिले, आणि दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे निदान पक्के झाले. त्यांच्या अनेक गाळण्या आधीच गेल्या होत्या आणि उरलेल्या गाळण्या वाढीव दाबाखाली काम करत होत्या. ब्रेनर यांच्या प्रयोगांतील परिस्थिती ती हीच.

हा फरक एकाच अभ्यासात पाहायचा असेल तर अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घ पाहणीचे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मला सर्वांत उपयोगी वाटतात. त्यात 1,624 स्त्रियांचे मूत्रपिंड-कार्य 11 वर्षांच्या अंतराने मोजले गेले. ज्यांचे कार्य सुरुवातीला सर्वसाधारण होते त्यांच्यात प्रथिनांचे प्रमाण आणि घसरण यांचा संबंध दिसला नाही. ज्यांचे कार्य आधीच थोडे मंदावलेले होते त्यांच्यात मात्र दररोजच्या प्रत्येक जादा 10 ग्रॅम प्रथिनांमागे गाळण्याचा वेग सुमारे 1.7 एककांनी अधिक घटलेला आढळला, आणि हा संबंध दुधाखेरीजच्या प्राणिज प्रथिनांत विशेष ठळक होता. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. प्रयोग करून पाहिला गेला तेव्हा उत्तर इतके स्वच्छ आले नाही. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एमडीआरडी नावाच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत मध्यम विकार असलेल्या गटाला किलोमागे 1.3 किंवा 0.58 ग्रॅम प्रथिनांचा आहार दिला गेला. कमी प्रथिनांच्या गटात पहिल्या चार महिन्यांत गाळण्याचा वेग उलट जास्त उतरला, नंतरची घसरण मंदावली, आणि एकूण फरक निर्णायक ठरला नाही. सुरुवातीचा उतार गाळणीतील दाब कमी झाल्याचा होता, हे लक्षात घेतले नाही तर रुग्ण पहिल्याच तपासणीत घाबरून आहार सोडून देतो.

त्यामुळे आज विकार असलेल्यांना टोकाची कपात सरसकट सांगितली जात नाही. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मध्यम ते तीव्र विकारात प्रथिने किलोमागे 0.8 ग्रॅमच्या आसपास ठेवावीत आणि विकार वाढण्याचा धोका असेल तर 1.3 ग्रॅमच्या वर जाणे टाळावे. वडिलांच्या 66 किलो वजनाला 0.8 ग्रॅमचा हिशेब 53 ग्रॅम होतो.

ते प्रत्यक्षात किती घेत होते? त्यांच्या सांगण्यावरून मी 70 ग्रॅमचा अंदाज केला असता, कारण पावडर “थोडीशी” होती. चोवीस तासांची लघवी गोळा करून तिच्यातील युरिया-नायट्रोजन मोजला, तो 13 ग्रॅम आला. मल, त्वचा इत्यादी मार्गांनी जाणाऱ्या नायट्रोजनासाठी वजनाच्या किलोमागे 0.03 ग्रॅम, म्हणजे सुमारे 2 ग्रॅम मिळवायचे आणि बेरजेला 6.25 ने गुणायचे, कारण प्रथिनांत नायट्रोजन सुमारे 16 टक्के असतो. उत्तर आले 94 ग्रॅम, म्हणजे किलोमागे 1.4 ग्रॅम. पावडरीचे मापी चमचे ते दोन घेत होते आणि एका चमच्यात 24 ग्रॅम प्रथिने होती. निम्मी प्रथिने डब्यातून येत होती.

पावडर पूर्ण थांबवली असती तर ते 46 ग्रॅमवर, म्हणजे किलोमागे 0.7 वर आले असते. त्यांच्या हातांची पकड कमकुवत झालेली होती आणि वर्षभरात वजनही थोडे घटले होते. अशा माणसाला प्रथिनांपासून आणखी दूर नेले तर मूत्रपिंडांचा फायदा अनिश्चित आणि स्नायूंचे नुकसान मात्र जवळजवळ नक्की असते. म्हणून अर्धा चमचा ठेवला, जेवण पुरेसे राहील अशी ऊर्जा धान्य आणि तेलातून भरून काढली आणि हलका स्नायू-व्यायाम सुरू केला. तज्ज्ञांनी रक्तदाबाचे व मधुमेहाचे औषध बदलून गाळणीतील दाब उतरवणारी औषधे दिली. माझ्या मते त्यांच्या उपचारात या औषधांचा वाटा प्रथिनांहून मोठा होता.

तीन महिन्यांनी चोवीस तासांच्या लघवीत युरिया-नायट्रोजन 7.5 ग्रॅम होता, म्हणजे प्रथिने सुमारे 59 ग्रॅम. अल्ब्युमिनचे गुणोत्तर 240 वरून 150 वर आले, पण त्याचे श्रेय आहाराला किती आणि औषधांना किती हे अशा एका रुग्णावरून वेगळे काढता येत नाही. क्रिएटिनिन 1.45 झाले होते आणि मुलगा अस्वस्थ होता. गाळण्याच्या वेगातील हा उतार दाब कमी झाल्याचा असण्याची शक्यता मी आधीच सांगून ठेवली होती, आणि पुढच्या दोन तपासण्यांत क्रिएटिनिनचा आकडा तेथेच स्थिर राहिला. तो सतत चढत राहिला असता तर हे स्पष्टीकरण पुरेसे ठरले नसते आणि कारण नव्याने शोधावे लागले असते.

मुलाने प्रोटीन पावडर सुरू ठेवली आहे. वडिलांना मधुमेह असल्याने त्याला मधुमेहाचा धोका अधिक आहे, म्हणून वर्षातून एकदा रक्तदाब, रक्तशर्करा, क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासायचे असे ठरले. लघवीत अल्ब्युमिन 30 च्या वर दिसले तर आठवडाभर जड व्यायाम टाळून चाचणी पुन्हा करायची, आणि ते तीन महिन्यांनंतरही टिकून असेल तर वडिलांना लागू केलेला हिशेब त्यालाही लावायचा.