रामटेकच्या दोन दिवसांचा कागद

नागपूर, रविवार सकाळ

प्रिय,

तुमच्या फवारणी पंपांच्या कंपनीच्या रामटेकमधल्या दोन दिवसांच्या बैठकीचा तू पाठवलेला अजेंडा दोनदा वाचला. पहिल्या दिवशी मालकांचं, म्हणजे भाऊंचं स्वागताचं भाषण, मागच्या वर्षाचा आढावा, मग प्रत्येक डिपार्टमेंटचं 45 मिनिटांचं प्रेझेंटेशन. दुसऱ्या दिवशी पहाटे पेंचची सफारी, दुपारी ‘व्हिजन’, आणि सगळ्यात शेवटी साडेचार ते पाच ‘अ‍ॅक्शन पॉइंट्स’. वाचता वाचता मला माझ्या जुन्या गाडीची डिकी आठवली.

एका कारखान्यात प्लॅनिंग सांभाळत होतो तेव्हाची गोष्ट. आम्ही 12 जण रामटेकजवळच्या खिंडसी तलावाकाठी दोन दिवस बसलो होतो. चर्चा झकास झाली. निघताना 14 चार्ट पेपर गुंडाळून माझ्या डिकीत टाकले, कारण ‘तू टाइप करून सगळ्यांना पाठव’ असं ठरलं होतं. पावसाळ्यात टायर बदलायला डिकी उघडली तेव्हा ते हाती लागले. एकावर ठळक लिहिलं होतं, ‘डीलर नेटवर्क मजबूत करणे, सगळे, लवकरात लवकर’. अक्षर माझंच होतं.

त्यानंतर मी अजेंडा शेवटाकडून लिहायला लागलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडीत बसताना हातात जो कागद हवा तो आधी डोळ्यांसमोर आणायचा आणि तिथून मागे यायचं. तुझा कागद एका पानाचा असेल. त्यावर तीन निर्णय आणि त्यांतून निघालेली आठ-दहा कामं. तीनच का, तर वेळच तेवढा असतो. नागपूरहून निघून रामटेकला 10 वाजता बसलात तरी चहा-जेवण वगळून पहिल्या दिवशी हातात जेमतेम सहा तास राहतात. ज्यावर माणसांचं खरोखर दुमत आहे असा एक निर्णय दोन-अडीच तास खातो. म्हणजे पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी सकाळी एक. दुसऱ्या दिवशी साडेअकरापासून जेवणापर्यंतचे दोन तास फक्त कामं लिहायला ठेव. जेवणानंतर ठेवलंस तर वडाभात पोटात गेलेला असतो आणि निम्म्यांचं लक्ष घड्याळाकडे. साडेचारला ठेवलंस तर काय होतं ते वर सांगितलंच.

डिपार्टमेंटची प्रेझेंटेशनं काढून टाक. त्याऐवजी प्रत्येक निर्णयावर दोन पानांची टिपणं पाच दिवस आधी पाठव. घरी कोणी वाचत नाही, हे धरून चाल. म्हणून प्रत्येक सत्राची पहिली 15 मिनिटं सगळ्यांनी तिथेच गप्प बसून वाचायची. पहिल्यांदा विचित्र वाटेल, पण एकाच आकड्यांवर सगळे आले की पुढचा अर्धा तास वाचतो. सफारी हवी असेल तर काम आटोपल्यावर एक रात्र जास्त राहा. पहाटे उठून जंगल फिरून आलेला माणूस 11 वाजता डुलक्या घेतो, वाघ दिसला असेल तर दुपारपर्यंत वाघाबद्दलच बोलतो.

आता प्रश्नांकडे. तू लिहिलं आहेस, ‘डीलरच्या उधारीबाबत चर्चा’. यावर दोन दिवसही चर्चा होईल. तोच प्रश्न असा लिही: ‘60 दिवसांपेक्षा जुनी थकबाकी असलेल्या डीलरला 1 एप्रिलपासून नवा माल थांबवायचा का?’ याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. कुणी 60 ऐवजी 90 म्हणेल, तोही भांडणाचा मुद्दा निश्चित करणंच झालं. प्रश्नाच्या खाली एक ओळ लिही की अखेरचा निर्णय कोणाचा. तुमच्याकडे तो भाऊंचा असेल तर तसं सरळ लिही, उगाच ‘सर्वानुमते’ लिहू नकोस. मात्र त्यांना दोन दिवस आधी भेटून विनंती कर, की या विषयावर ते शेवटी बोलतील. भाऊ आधी बोलले की खोलीतल्या बाकीच्यांची मतं बदलत नाहीत, फक्त दिसेनाशी होतात, आणि एप्रिलमध्ये गोडाऊनवर पुन्हा दिसतात.

निर्णय झाला की खरं काम सुरू होतं. उधारीचंच उदाहरण घेऊ. दीड तासाच्या वादानंतर भाऊ म्हणाले, ठीक आहे, 60 दिवस. फ्लिप चार्टवर कोणीतरी लिहील, ‘उधारी नियंत्रण, सेल्स + अकाउंट्स, एप्रिल’. इथे तू उभी राहा आणि पुसून टाक. विचार, 1 एप्रिलला सकाळी नेमकं काय वेगळं दिसेल? उत्तर येईल की बिल बनवताना सॉफ्टवेअर अडवेल. मग तेच लिहायचं: ‘60 दिवसांवर थकबाकी असेल तर बिलच निघणार नाही, ही अट सॉफ्टवेअरमध्ये चालू’. हे झालं की नाही, हे कारखान्यातला कोणीही एका मिनिटात तपासू शकतो. ‘नियंत्रण’ झालं की नाही हे कोणालाच तपासता येत नाही.

मग नाव. एकच. ‘सेल्स + अकाउंट्स’ म्हणजे सेल्सवाला अकाउंट्सकडे बघतो आणि अकाउंट्सवाला सेल्सकडे. मदत दहा जणांची घ्या, पण तारीख चुकली तर फोन ज्याला जाणार तो एकच माणूस, आणि तो त्या खोलीत बसलेला हवा. गैरहजर माणसाच्या गळ्यात काम बांधलं तर त्याने होकार दिलेलाच नसतो. रकान्याला ‘ओनर’ म्हणू नकोस. आपल्याकडच्या घरगुती कंपनीत ओनर म्हटलं की सगळे भाऊंचंच नाव लिहितात, हे मी स्वतः पाहिलं आहे. ‘जबाबदार’ लिही.

तारीख त्याच माणसाने सांगायची, तू नाही आणि भाऊंनीही नाही. आपल्याकडे पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘होऊन जाते ना, काय टेन्शन घेता.’ त्यावर वाद घालू नकोस. विचार, यातलं पहिलं काम कोणतं आणि ते कधी? सेल्स हेड विचार करून म्हणतील, आधी 40 मोठ्या डीलरना पत्र जायला पाहिजे, नाहीतर 1 एप्रिलला दंगा होईल. पत्र कधी? 20 फेब्रुवारी. मग सॉफ्टवेअरवाल्याला पंधरा दिवस लागतात, म्हणजे त्याला 10 मार्चच्या आत सांगायला हवं. असं मागे येत गेलं की 1 एप्रिल जमतं की नाही हे त्यांचं त्यांनाच कळतं. दोन आठवड्यांच्या आत पडणारं पहिलं पाऊल ज्याला सांगता येत नाही, त्याने ते काम मनातून घेतलेलं नाही, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक ओळ लागते, जी जवळजवळ कोणीच लिहीत नाही. या निर्णयासाठी आपण काय सोडलं? माल थांबवला तर एप्रिल-जूनची विक्री घसरू शकते. सेल्स हेड गप्प बसले असतील तर याचसाठी, कारण त्यांचा इन्सेंटिव्ह विक्रीवर आहे. तिथेच भाऊंना विचार, चालेल का? ते हो म्हणाले तर लिही: ‘पहिल्या तिमाहीत विक्री घसरली तरी नियम सुटणार नाही. अपवाद फक्त भाऊ देणार, तेही लेखी.’ ही ओळ नसेल तर मृग लागायच्या तोंडावर यवतमाळकडचा जुना डीलर फोन करेल, ‘भाऊ, एवढी खेप सोडून द्या, शेतकरी दुकानात उभा आहे’, आणि फवारणी पंपांचा ट्रक निघेल. त्यानंतर तो नियम फक्त लहान डीलरना लागू राहतो.

अशी आठ-दहा कामं लिहून झाली की कागद उभा वाच. आधी नावांचा रकाना. जवळपास नक्कीच प्रॉडक्शन मॅनेजरचं नाव पाच ठिकाणी असेल, कारण जो काम करतो त्यालाच काम मिळतं. एका माणसाकडे तीन महिन्यांत दोनपेक्षा जास्त कामं असतील तर त्यालाच विचार की यातलं कोणतं पुढे ढकलायचं, आणि ते सगळ्यांसमोर ढकल. मग तारखांचा रकाना. सगळ्या तारखा 31 मार्चला गोळा झाल्या असतील, आणि त्या दिवशी तुमच्या अकाउंट्समधल्या कोणालाही मान वर करता येणार नाही. कॅलेंडर जवळ ठेव. मी एकदा वर्कशॉपच्या कामाची तारीख बिनधास्त लिहून टाकली होती, ती निघाली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. त्या दिवशी अर्धं नागपूर मारबतीच्या मिरवणुकीत असतं, माझा फिटरही तिथेच होता.

कागद त्याच दिवशी संध्याकाळी सगळ्यांना पाठव, टाइप न करता फोटो काढून पाठवला तरी चालेल. प्रत्येकाने 24 तासांत आपल्या ओळीपुरतं ‘मान्य’ किंवा ‘बदल हवा’ असं उत्तर द्यायचं. बदल मागणारा माणूस तुझ्यासाठी मोलाचा आहे, कारण तो निदान वाचतो. निघण्याआधी प्रत्येकाकडून त्याची ओळ मोठ्याने वाचून घे, लिहिणाऱ्याने नाही. स्वतःच्या तोंडून तारीख निघताना माणूस अडखळतो, आणि जिथे अडखळतो तिथे काहीतरी राहिलेलं असतं.

पुढे दर पंधरवड्याला अर्धा तास, एकच वार आणि वेळ ठरवून. प्रत्येक ओळीला तीनच उत्तरं: झालं, तारखेला होईल, तारीख हलेल. ‘80 टक्के झालं’ हे उत्तर स्वीकारू नकोस. उरलेल्या 20 टक्क्यांत काय आहे ते विचारलंस की बऱ्याचदा सगळं कामच त्यात असतं. तारीख हलली तर जुनी खोडून नवी लिही, पण जुनी वाचता आली पाहिजे. एक्सेलमध्ये जुन्या तारखेचा वेगळा रकाना ठेव, नाहीतर महिन्याभरात सगळंच वेळेवर चाललेलं दिसू लागतं. दोनदा हललेली तारीख तिसऱ्यांदा हलवायची नाही. ते काम सगळ्यांपुढे आण आणि विचार, करायचं आहे की सोडायचं आहे? सोडलं तर कागदावर ‘सोडलं’ लिही, तारखेसकट. माझ्या अखेरच्या नोकरीत दहापैकी तीन कामं अशी सुटली, आणि उरलेली सात झाली ती त्यामुळेच, असं मला वाटतं.

जे मुद्दे निघतील पण तीन प्रश्नांत बसणार नाहीत, त्यांच्यासाठी बाजूला एक चार्ट पेपर लाव. बॅटरीवरचे पंप आपण बनवावे का, हा विषय निघणारच, आणि तो या वेळचा नाही हे तूच मला सांगितलंस. तिथे लिहून घे आणि पुढे चल. पण शेवटी त्या कागदालाही एक नाव आणि एक तारीख दे, निदान ‘यावर टिपण कोण आणि कधी लिहिणार’ एवढी तरी. नाव नसेल तर तोही माझ्या डिकीतला पंधरावा कागद होईल.

एक किरकोळ पण नेहमी विसरणारी गोष्ट: रिसॉर्टवाल्याला हॉलचे फोटो मागव. तलावाकडे काचेची भिंत असली की सगळे खूश होतात, पण तिच्यातून येणाऱ्या उन्हामुळे प्रोजेक्टरचं काही दिसत नाही, आणि चार्ट पेपर लावायला कोरी भिंत उरत नाही. पुढच्या वर्षी डिसेंबरचा विचार केलात तर हिवाळी अधिवेशनाच्या तारखा आधी बघ. त्या दिवसांत नागपुरात खोल्या मिळणं कठीण असतं, आणि बाहेरून येणाऱ्या तुमच्या दोघा मॅनेजरना आदल्या रात्री शहरात थांबावंच लागेल.

तीन प्रश्न लिहिलेस की पाठव. गुरुवारी संध्याकाळी मी धरमपेठेत घरीच आहे, प्रिंट घेऊन आलीस तर पेन घेऊन बसू.

तुझा,
काका