लग्नाची कॅसेट, मावशीची नथ आणि एआय

प्रश्न: आमच्याकडे 1990 ते 95 मधल्या लग्न-मुंजीच्या पाच व्हीएचएस कॅसेट आहेत. एक दुकानात देऊन तिची डीव्हीडी करून घेतली, तर चित्र अंधूक आणि माणसं हलली की रेघारेघांचं दिसतं. ही डीव्हीडी एआय सॉफ्टवेअरमध्ये घालून एचडी होईल का, की कॅसेट पुन्हा काढावी लागेल?

उत्तर:

कॅसेट पुन्हा काढा. तीन तासांची कॅसेट 4.7 जीबीच्या एका डीव्हीडीवर बसवली की सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट वाट्याला येतात, आणि व्हीएचएसच्या चित्रात इतकी खरखर असते की त्यातले बरेचसे बिट ती खरखर साठवण्यातच जातात. चेहऱ्यांवर चौकोन उमटतात ते त्यामुळे. एआयला हे चौकोन चेहऱ्याचाच भाग वाटतात आणि ते त्यांना छान धार लावून देतं. मी हे करून बसलोय, म्हणून सांगतो.

माझ्याकडे कॅसेट होती धाकट्या मावशीच्या लग्नाची, 1992 ची, चिपळूणची. मावशीकडच्या कॅसेटवर तिचं कुंकू कपाळावरून सरकून उजव्या भुवईकडे गेलेलं दिसायचं आणि शालूचा लाल रंग काठाबाहेर ओघळलेला. आधी वाटलं, कॅसेट जुनी झाली म्हणून असेल. मग कळलं की ती कॉपीची कॉपी होती. व्हीएचएसमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कितीतरी भरड असते, आणि दर कॉपीला रंग थोडा उजवीकडे, थोडा खाली घसरतो. मामाकडे चौकशी केली तर त्याच्या माळ्यावर व्हिडिओवाल्याने दिलेली पहिली कॅसेट निघाली, छापील लेबलसकट. तिच्यावर कुंकू जागेवर होतं! पुढे मी जे काही केलं, त्या सगळ्यापेक्षा या एका फोनने जास्त फरक पडला. म्हणून आधी नातेवाइकांत विचारा, कोणाकडची कॅसेट सर्वांत आधीची आहे.

कॅसेट हातात आली की तिच्या पाठीच्या कडेला एक छोटी प्लॅस्टिकची टिकली असते, ती तोडून टाका. म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. मग कॅसेटच्या खिडकीतून टेपचं भेंडोळं उजेडात तिरकं धरून बघा. काळंभोर, गुळगुळीत दिसायला हवं. पांढरट ठिपके किंवा पिठूळ कडा दिसली तर ती बुरशी. कोकणात, मुंबईत चार पावसाळे कपाटात काढलेल्या कॅसेटला ती हमखास लागते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला चिकटते, चित्र जातं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही ती लागते. माझ्याकडच्या आणखी एका कॅसेटला होती. ती आधी सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात आठवडाभर ठेवली आणि मग टेप पुसून देणाऱ्या एका माणसाकडे दिली. हे घरी करायच्या भानगडीत मी पडलो नाही.

व्हीसीआर आता नवा मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने 2016 मध्ये उत्पादन थांबवलं आणि विषय संपला. जुन्या बाजारातला घ्या, हेड साफ करून घ्या आणि आधी कुठलीतरी टाकाऊ कॅसेट लावून बघा. टेप चावणारा व्हीसीआर तुमच्या लग्नावर तपासू नये. खरी कॅसेट लावल्यावर एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून परत गुंडाळा, वर्षानुवर्षं पडून सैल-घट्ट झालेले वेढे सारखे होतात. मग ट्रॅकिंग हळूहळू फिरवून खालची खरखर कमीत कमी होईल तिथे थांबवा. व्हीसीआरला शार्पनेसचं बटण असेल तर ते कमी करा. त्याने तपशील वाढत नाही, कडांभोवती पांढऱ्या रेघा येतात, आणि त्या नंतर निघत नाहीत.

मांडवाचे खांब वरून खालपर्यंत थरथरताना दिसले तर दोष टेपच्या चालीचा आहे. प्रत्येक ओळ किंचित मागेपुढे सुरू होते. हे सरळ करणाऱ्या उपकरणाला टाइम बेस करेक्टर म्हणतात. खरा महाग आणि दुर्मीळ आहे. काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि संगणकाच्या मध्ये जोडले, नुसतं आरपार चित्र जाऊ दिलं, तरी खांब बरेच सरळ होतात. प्लेअर चालणार नाही, आत घेणारा रेकॉर्डर हवा. थरथर असताना एआय लावलं तर ते थरथरणारा खांब स्वच्छ करून देतं, इतकंच.

संगणकात घ्यायला यूएसबीचं कॅप्चर डोंगल लागतं. बाजारात ‘एव्ही टू एचडीएमआय’ नावाच्या डब्या मिळतात, त्या घेऊ नका. त्या आपल्या मनाने चित्र ताणून रुंद करतात आणि आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्ही पद्धतीचं चित्र सेकंदाला 60 च्या हिशोबात कोंबतात. आपल्याला हवं ते 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम, जसं टेपवर आहे तसं. मी VirtualDub2 या प्रोग्रॅममध्ये Huffyuv या साठवण पद्धतीने घेतलं. तासाला साधारण 35 जीबी लागतात, कारण यात काही फेकलं जात नाही. कॅप्चर चालू असताना ‘dropped’ म्हणजे गळलेली आणि ‘inserted’ म्हणजे भरीला घातलेली चित्रं, या दोन आकड्यांकडे बघत राहा. तासात दोनचार चालतात. शेकड्यांनी वाढत असतील तर मंगलाष्टकं संपेपर्यंत भटजींचे ओठ आणि आवाज वेगळे झालेले असतील.

आता तुमच्या त्या रेघा. पालचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं असतं. आधी एकाआड एक अशा ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. मावशी हार घालायला हात उचलते, तेव्हा त्या दोन अर्ध्या चित्रांत हात दोन वेगळ्या जागी असतो. संगणक दोन्ही एकदम दाखवतो म्हणून हाताला कंगव्यासारखे दात दिसतात. हे सोडवायला अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करतात, त्याला डीइंटरलेस म्हणतात, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. सेकंदाला 25 चित्रं काढली की अर्धी हालचाल जाते. 50 काढायची. QTGMC नावाची पद्धत यात सर्वांत चांगली, पण ती बसवताना डोकं उठतं. साधी वाट म्हणजे ffmpeg या फुकट प्रोग्रॅमची ही कमांड:

```
ffmpeg -i lagna.avi -vf "bwdif=mode=send_field:parity=tff:deint=all,scale=768:576,setsar=1" -c:v ffv1 -c:a copy lagna_50.mkv
```

यातलं `tff` म्हणजे वरची ओळ आधी. ते उलटं असेल तर माणसं दोन पावलं पुढे आणि एक मागे अशी चालतात, वरातीत लगेच कळतं. तसं दिसलं तर `bff` करा. 768 बाय 576 केल्याने चेहरे 4:3 मध्ये नीट बसतात. चित्र 16:9 करून सगळ्या नातेवाइकांना जाड करू नका. खालच्या कडेला सात-आठ ओळींची वळवळ असते, ती सगळ्याच व्हीएचएसवर असते. तिच्यावर काळी पट्टी टाका किंवा कापा.

एवढं झाल्यावर एआय. फुकटात Real-ESRGAN आहे, पैसे देऊन Topaz Video AI. पहिलं मुळात एकेका चित्रावर काम करतं. त्यामुळे शालूच्या काठाची नक्षी एका चित्रात वेल असते, पुढच्यात ठिपके, आणि चालू व्हिडिओत काठ उकळल्यासारखा दिसतो. व्हिडिओसाठी बनवलेली मॉडेलं शेजारची चित्रं बघतात, तिथे हे कमी होतं. आधी खरखर हलकी कमी करून दिली तर आणखी कमी. अति केली तर मात्र त्वचा मेणाची होते, आणि हळद लागलेल्या गालांवर हे पहिल्यांदा दिसतं.

खरा घोटाळा चेहऱ्यांचा. व्हीएचएसला आडवे तपशील 240 च्या आसपासच मिळतात. सप्तपदीच्या वेळी कॅमेरा मांडवाच्या दारात होता, तिथून आजीचा चेहरा साधारण 20 ठिपके रुंद. डोळ्याला तीन ठिपके. ‘चेहरा सुधारा’ हा पर्याय चालू केला, तर त्या तीन ठिपक्यांतून पापण्यांसकट डोळा आला. सुंदर डोळा, पण कोणाचा तरी. मावशीच्या जवळच्या शॉटमध्ये नथीचे मोती पुसून तिथे ओठाची सावली आली होती, कारण असल्या मॉडेलांना शिकवलेल्या चेहऱ्यांत नथ बहुधा नसावी. मावशीला दाखवलं तर ती म्हणाली, “ही कोण रे? आणि माझी नथ कुठंय?” तो पर्याय मी कायमचा बंद केला.

शेवटी मी 1440 बाय 1080 वर थांबलो. 4के ला गेलो नाही, तिथे वाढतं ते नुसतं बनावट. एआयचं चित्र आणि नुसतं मोठं केलेलं मूळ चित्र निम्मंनिम्मं मिसळलं. त्यामुळे थोडी खरखर राहिली, पण चेहरे आमच्या माणसांचे राहिले. आकार मोठा करण्याचा एक रोकडा फायदा आहे. यूट्यूब सेकंदाला 50 चित्रं 720 ओळींपासून पुढेच दाखवतं. त्याखाली चढवलं तर तुमची अर्धी हालचाल तिथे गळते.

तुम्ही पाचही कॅसेट एकदम घेऊ नका. एकीची दहा मिनिटं काढा. त्यात एक जवळचा चेहरा, एक पंगत आणि एक नाचाचा तुकडा असू द्या. त्याच्यावर सगळं ठरवा, मग रात्रभर संगणक चालू ठेवा. माझ्या साध्या ग्राफिक्स कार्डावर तीन तासांच्या कॅसेटला दोन दिवस लागले. तासाला 35 जीबीच्या मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्यात आणि मामाची कॅसेट परत माळ्यावर गेली, या वेळी सिलिका जेलच्या पुड्यांसकट, उभी.