पाय थांबत नाहीत, तर पायांपासूनच सुरुवात

शवासनात दोन मिनिटंही पडवत नाही. पाय हलतात, उठून काम करावंसं वाटतं. ४५ मिनिटांचा बॉडी स्कॅन मला कसा जमणार?

बॉडी स्कॅन म्हणजे शरीराच्या एकेका भागावर क्रमाने लक्ष नेण्याचं ध्यान. त्याची ४५ मिनिटांची पद्धत जॉन कबाट-झिन यांच्या ध्यानवर्गांतली आहे. १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या त्या वर्गांत समोर शिक्षक असतो. घरी एकट्याने करताना आठ मिनिटं पुरेत, आणि गुडघ्याच्या वर जाऊच नका.

आधी दहा मिनिटं चाला. मग खुर्चीत बसा, डोळे उघडेच ठेवा, नजर जमिनीवर. डाव्या टाचेला जमीन कुठे लागते, थंड आहे की कोमट, एवढंच पाहा. तीन श्वास झाले की तळवा, मग बोटं, घोटा, पोटरी, गुडघा. नंतर उजवा पाय.

हलायची ऊर्मी येणारच. ती नेमकी कुठे आहे, पोटरीत की मांडीत, ते दोन श्वास बघा आणि मग खुशाल हला, पण सावकाश. हलतानाचा ताणही जाणवू द्या, तोही स्कॅनचाच भाग आहे. मी तर म्हणेन, नवशिक्याने पाय दाबून ठेवूच नयेत. सगळं लक्ष त्या झटापटीतच जातं.

रात्री पडल्यावर पायांत वळवळ होते आणि हलवल्यावरच बरं वाटतं, असं रोज घडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. कधी कधी यामागे लोहाची कमतरता असते.

छातीपाशी आले की धडधड वाढते आणि घाबरायला होतं. तसंच पुढे जायचं का?

नाही. शांततेत हृदयाचे ठोके एरवीपेक्षा जास्त जाणवतात, घाबरलेलं मन त्यांना धोका समजतं आणि ठोके आणखी वाढतात. श्वासावर लक्ष ठेवूनही काहींचं असंच होतं. लगेच तळपायांवर परत या, खोलीतल्या तीन वस्तू नीट बघा.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका शिक्षिकेचं हेच होत होतं. दोन आठवडे तिने फक्त पाय आणि तळहात केले. तिसऱ्या आठवड्यात खुर्चीच्या पाठीला टेकलेले खांदे आणि पाठ, म्हणजे छातीकडे मागच्या बाजूने. पाचव्या आठवड्यात छातीवर हात ठेवून एकच श्वास, की परत तळपायांवर. एकाचे तीन श्वास व्हायला आणखी महिना गेला.

सराव संपल्यावरही अर्धा तास अस्वस्थता राहत असेल किंवा जुन्या भयंकर आठवणी उसळत असतील, तर एकट्याने करू नका, समुपदेशकासोबत करा. छातीत दुखत असेल, चालताना दम लागत असेल, तर ध्यानाआधी डॉक्टर.

पायाच्या बोटांत काहीच जाणवत नाही. माझं चुकतंय का?

चुकत नाही. सुरुवातीला बरेच जण बोटं मनात रंगवतात आणि त्यालाच जाणीव समजतात. मोजा घालून बघा. त्याचा स्पर्श कळला तर तो घ्या, नाही कळला तर तीन श्वासांनी घोट्याकडे जा.