डाइंगची प्रोसेस शीट मराठीत करताना आधी हिशोब तपासा

शब्दकोश नंतर उघडा, आधी कॅल्क्युलेटर घ्या. समजा, शीटवर १०० किलो सुती निटेड कापड, लिकर रेशो १:८, रिॲक्टिव्ह रंग २ टक्के, मीठ लिटरला ५० ग्रॅम आणि सोडा ॲश लिटरला १५ ग्रॅम, असं आहे. १:८ म्हणजे किलोभर कापडाला आठ लिटर पाणी, म्हणून बाथ ८०० लिटरचा. रंगाचे टक्के मात्र कापडाच्या वजनावर धरायचे, म्हणजे २ किलो. मीठ नि सोडा पाण्यावर, म्हणजे ४० किलो आणि १२ किलो. लिटरला ५० ग्रॅम म्हणजे पाण्यावर ५ टक्के, पण मराठीत नुसतं 'मीठ ५ टक्के' लिहिलंत, तर मशीनवरचा माणूस ते कापडावर धरून ५ किलोच टाकेल. मग रंग कापडावर नीट चढणार नाही, शेड फिकी येईल आणि रंग गटारात जाईल. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे 'कापडाच्या वजनावर' किंवा 'प्रति लिटर' लिहाच.

'लिकर रेशो'चं 'द्रव गुणोत्तर' करू नका. खात्यात कुणी तसं बोलत नाही. '२ टक्के शेड' तशीच ठेवा, ती रंगाची खोली सांगते.

फास्टनेससाठी 'रंगाचा पक्केपणा' चालतो. पण 'धुण्याला ४-५' याचं 'चार ते पाच' करू नका, ती ४ आणि ५ यांच्या मधली एकच श्रेणी आहे. धुण्याची पट्टी १ ते ५, उन्हाची बहुधा १ ते ८. त्यामुळे उन्हाला ४ आणि धुण्याला ४ सारखे नाहीत. कसोटीचं नाव सोबत हवंच.