टोपणनाव, तक्रार आणि तीन महिने

प्रश्न : आमच्या ऑफिसात सगळ्यांनाच टोपणनावं आहेत. बॉसना आम्ही पाठीमागे 'हिटलर' म्हणतो. दोन वर्षांपूर्वी एका सीनियरनं माझं नाव 'छमिया' ठेवलं. सुरुवातीला मीही हसले. डिसेंबरात मेसेज करून 'असं म्हणू नका' असं सांगितलं, तरी 20 मार्चला भर मीटिंगमध्ये तो पुन्हा तेच म्हणाला. नंतर तो दुसऱ्या विभागात गेला, पण जूनमध्ये त्याच्याच शेऱ्यामुळे माझं अप्रेझल खराब झालं. आता जुलै संपत आलाय. तक्रार करता येईल का?

उत्तर : 'छमिया' हे नाव लैंगिक सूचक आहे की नाही, यावर फार शाई खर्च करायची गरज नाही. 'छम्मकछल्लो' म्हणणं हा स्त्रीचा अपमान आहे, असं ठाण्याच्या न्यायालयानं 2017 मध्येच म्हटलं आहे. तो निकाल शेजाऱ्यांच्या भांडणातला होता. घटना 2009 ची, आणि आठ वर्षांनी दंड झाला एक रुपया! म्हणून तुम्हाला थेट फौजदारीच्या वाटेला जा असं मी म्हणणार नाही, तो मार्ग अजून बंद झालेला नसला तरी.

तुमचं सगळं प्रकरण अडलंय ते 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याच्या कलम 9 वर. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून. तुमची शेवटची घटना 20 मार्चची धरली, तर मुदत 20 जूनलाच संपली. अशा तक्रारी ऐकणाऱ्या ऑफिसच्या अंतर्गत समितीला आणखी जास्तीत जास्त तीन महिने वाढवता येतात, म्हणजे 20 सप्टेंबरपर्यंत. पण त्यासाठी वेळेत तक्रार का करता आली नाही, याचं समितीला पटणारं कारण हवं. 'वाटलं, थांबेल' हे कारण मी रोज ऐकते, आणि ते फारसं टिकत नाही. अप्रेझल त्याच्या हातात होतं म्हणून गप्प राहिलात, असं खरोखर असेल तर तेच लिहा, तपशिलासह.

जूनचं अप्रेझल ही 'शेवटची घटना' धरता येईल असं तुमच्या मनात असेल, तर ते काढून टाका. सप्टेंबर 2025 मध्ये एका विद्यापीठातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हाच मुद्दा निकालात काढला. तिथे शेवटचा प्रसंग एप्रिल 2023 चा आणि तक्रार डिसेंबरची होती. मधल्या काळातली प्रशासकीय कारवाई म्हणजे लैंगिक छळ नव्हे, असं ठरलं आणि तक्रार मुदतबाह्य झाली. अप्रेझलचा उल्लेख तक्रारीत जरूर करा, पण मुदत त्यावर मोजू नका.

त्यापेक्षा आज रात्री ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप 20 मार्चपासून पुढे वाचून काढा. समजा, 9 मेला त्यानं तुम्हाला 'हॅपी बर्थडे छमिया' असं लिहिलेलं सापडलं. वरवर पाहता शुभेच्छाच. पण डिसेंबरात तुम्ही लेखी नकार दिल्यानंतर तोच शब्द पुन्हा वापरणं ही माझ्या मते नवी घटना ठरते. मग मुदत 9 ऑगस्टपर्यंत जाते, आणि कुणाकडे सवलत मागावी लागत नाही. तुम्ही चॅट पुसलं असेल, तर एखाद्या सहकाऱ्याच्या फोनमध्ये ते असेल.

तुम्ही आधी हसलात हे समोरचा नक्की काढणार. 'हिटलर'ही काढेल. तुमचं हसणं डिसेंबरपर्यंतच्या काळात तुम्हाला नडू शकतं, त्यानंतर फारसं नाही, कारण कायद्याला 'नकोसं' वर्तन हवं असतं आणि तुमचा मेसेज ते सिद्ध करतो. लाडाचं नाव एकदा 'नको' म्हटलं की थांबतं; तुमचं थांबलं नाही. बॉसचं नाव पाठीमागे घेतलं जातं आणि त्यांचं अप्रेझल तुमच्या हातात नाही, हा फरक समितीला कळावा. तरी तक्रार निकाली निघेपर्यंत तो शब्द तोंडात येऊ देऊ नका.

तक्रार एचआरला ईमेल करून मोकळ्या होऊ नका. ती अंतर्गत समितीकडेच द्यायची असते. सहा प्रती, सोबत स्क्रीनशॉट, 20 मार्चच्या मीटिंगला हजर असलेल्यांची नावं आणि पत्ते, आणि तुमच्या प्रतीवर तारखेसह पोच. चौकशी 90 दिवसांत संपायला हवी; प्रत्यक्षात किती लागतील हे मी सांगत नाही.

तुम्हाला 'ढोली' किंवा 'कासव' म्हटलं असतं, तर ही समिती कामाची नव्हती. साध्या टोपणनावानं होणाऱ्या छळासाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. तिथे कंपनीचे सेवानियम काय म्हणतात ते पाहावं लागतं. नाव जातीवरून किंवा अपंगत्वावरून असेल तर मात्र स्वतंत्र कडक कायदे आहेत.

ग्रुपमध्ये काहीच सापडलं नाही, तरी सप्टेंबरची वाट पाहू नका. उशिराचं कारण तक्रारीच्या दिवसापर्यंतचं द्यावं लागतं, आणि हा सल्ला वाचल्यानंतरच्या दिवसांसाठी तुमच्याकडे कारण उरणार नाही.