पश्मिना शाल धुतल्यानंतर कडक झाली, आता काय करावे?

प्रश्न: आईसाठी काश्मीरहून पश्मिना शाल आणली होती. घरी धुतल्यावर ती कडक लागते आणि खांद्यावर लोकरीचे गोळे आले आहेत. ती पुन्हा मऊ होईल का? आम्ही सोलापुरात राहतो. थंडी संपल्यावर वर्षभर ती कशी ठेवावी?

उत्तर:

आमच्या घरचा व्यवसाय टॉवेल-चादरींचा, म्हणजे निव्वळ सुताचा. त्यामुळे हीच चूक मी स्वतः करून बसलो होतो. सुती चादरीला गरम पाणी, भरपूर पावडर आणि जोराची घासणी मानवते. शेळीच्या लोकरीला यांपैकी एकही गोष्ट मानवत नाही. पश्मिना ही लडाखच्या चांगथांग पठारावरील शेळ्यांच्या राठ केसांखाली थंडीत वाढणारी मऊ लव असते आणि वसंतात ती विंचरून काढतात. तिचा तंतू साधारण 12 ते 16 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या पाव भागाहूनही बारीक असतो. आपल्याकडच्या घोंगडीची राठ लोकर जे सोसते ते या तंतूला सोसत नाही.

शाल कडक होण्याची कारणे दोन असतात आणि दोन्हींचे भवितव्य वेगळे असते, म्हणून आधी कारण ओळखावे. शाल खिडकीसमोर उजेडात धरून पाहा. उभे-आडवे धागे पूर्वीसारखे वेगवेगळे दिसत असतील आणि लांबी-रुंदी कमी झाली नसेल, तर साबणाचा व जड पाण्यातील क्षारांचा थर तंतूंवर बसला आहे असे समजावे. हा थर निघतो. मात्र वीण पुसट होऊन कापड नमद्यासारखे घट्ट झाले असेल आणि शाल आखडली असेल, तर तंतूंवरचे सूक्ष्म खवले उष्णता, अल्कली आणि घासणी यांमुळे एकमेकांत अडकलेले असतात. ते पुन्हा सुटत नाहीत, कोणी कितीही उपाय सांगितले तरी.

आईची शाल मी बोअरच्या पाण्यात, कपड्यांची नेहमीची पावडर टाकून धुतली होती. वाळल्यावर ती कांजी केलेल्या धोतरासारखी झाली. उजेडात धरल्यावर वीण स्पष्ट दिसली, फक्त आमटीचा डाग मी ज्या कोपऱ्यात चोळला होता तेवढा तळहाताएवढा भाग घट्ट झाला होता. मग पिण्याच्या यंत्रातील गाळलेले पाणी साठवून पाच लिटरांत एक मोठा चमचा पांढरे व्हिनेगर मिसळले, त्यात शाल दहा मिनिटे बुडवून ठेवली, नंतर तशाच साध्या पाण्यातून दोनदा काढली. वाळल्यावर तिचा मऊपणा बहुतांशी परत आला. तो कोपरा मात्र आजही हाताला वेगळा लागतो. पावडरींमध्ये आणखी एक धोका असतो. अनेक पावडरींत प्रथिनांचे डाग विरघळवणारी एन्झाइम्स घातलेली असतात आणि लोकर हे स्वतःच प्रथिन आहे.

धुण्याची रीत आता आमच्याकडे ठरलेली आहे. गड्ड्याची जत्रा आटोपली, थंडी ओसरली की फेब्रुवारीच्या आत, सकाळी लवकर, वर्षातून एकदाच शाल धुवायची. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापलेले असते की तेवढ्यानेच शाल बिघडू शकते. पाणी हाताला कोमटही लागू नये असेच घ्यावे. आदल्या रात्री आठ-दहा रिठ्यांची टरफले भिजवून, कोळून, फडक्यातून गाळून ते पाणी बादलीत मिसळावे. शाल पांढरी असेल तर रिठ्याची पिवळसर छटा चढू शकते, तेव्हा चमचाभर लहान मुलांचा शाम्पू बरा. शाल बुडवून तळहाताने हलके दाबत राहावे, पाचेक मिनिटे पुरतात. चोळू नये, पिळू नये आणि एका टोकाला धरून उचलू नये, कारण ओली लोकर आपल्याच वजनाने ताणली जाते. दोन्ही हातांवर तोलून ती मोठ्या टॉवेलवर पसरावी, टॉवेलसकट गुंडाळून दाबावी आणि मग दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर सावलीत आडवीच वाळवावी. जाड टेरी टॉवेल आपल्या गावात शोधावा लागत नाही, तेवढी सोय आहे. शालीवर सोझनीचे भरतकाम किंवा गडद रंग असेल, तर आधी ओले पांढरे फडके कोपऱ्यावर दाबून पाहावे. फडक्याला रंग लागला तर शाल घरी धुऊ नये, ड्रायक्लीनिंगला द्यावी.

खांद्यावरचे गोळे हा मालातला दोष असेलच असे नाही. हा तंतू आखूड असतो, सुतात त्याची टोके सैल राहतात आणि पर्सचा पट्टा, मंगळसूत्र किंवा साडीची जर जिथे घासते तिथे ती टोके बाहेर येऊन गुंततात. असे गोळे ओढू नयेत. ओढल्याने आतला चांगला तंतूही बाहेर येतो आणि पुढच्या गोळ्याची तयारी होते. शाल टेबलावर सपाट पसरून बारीक कात्रीने एकेक गोळा कापावा. वेळ लागतो, पण मी गोळे काढण्याचे विजेचे यंत्र पातळ विणीवर चालवणार नाही. सैल तंतू निघून गेले की पुढच्या वर्षांत गोळे कमी होतात. गोळे अंगावर सर्वत्र एकसारखे आले असतील आणि खाली वीण दिसत नसेल, तर तो वर सांगितलेला आखडण्याचाच प्रकार समजावा.

आपल्याकडे शाल जेमतेम दीड-दोन महिने अंगावर येते, उरलेला काळ ती कपाटात असते. त्यामुळे मला विचाराल तर खरी काळजी तिथेच घ्यावी लागते. कसर लागते ती पतंगामुळे नव्हे, त्याच्या अळीमुळे, आणि घाम किंवा अन्न लागलेली लोकर या अळीला विशेष प्रिय असते. एका वर्षी आम्ही शाल न धुता ठेवली, तेव्हा भोके पडली ती नेमकी गळ्याजवळ आणि पदरावर सांडलेल्या खिरीच्या जागी. स्वच्छ, पूर्ण कोरडी शाल जुन्या धुतलेल्या सुती धोतरात किंवा मलमलीत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. हँगरवर टांगू नये. कडुलिंबाचा पाला किंवा लवंगा ठेवायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. डांबरगोळ्या बंद डब्यातच काम करतात, त्यांचा शालीला स्पर्श होऊ देऊ नये, आणि घरात लहान मूल असेल तर त्या मी ठेवणारच नाही, कारण त्या विषारी असतात. गौरी-गणपतीच्या आवराआवरीत आणि पुन्हा दिवाळीआधी शाल उघडून झटकावी आणि घड्या बदलून ठेवावी.

उघडल्यावर शालीच्याच रंगाची रेतीसारखी कणी किंवा जाळीची बारीक नळी दिसली, तर अळी आत आहे. तेव्हा शाल पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद करावी आणि दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये, उणे 18 अंशांवर ठेवावी. बाहेर काढल्यावर ती घरच्या तापमानाला येईपर्यंत, साधारण दिवसभर, पिशवी उघडू नये. नाहीतर हवेतील बाष्प शालीवर जमते. डबा आणि कपाटाचे कोपरेही साफ करावेत. भोके पडली असतील तर धुण्याआधी रफू करून घ्यावे, कारण पाण्यात भोक वाढते.